कोअर अपडेटनंतर ट्रॅफिक पडले: मजकुराला हात लावण्याआधी घसरणीची फोड

वर्षातून दोन-चार वेळा हीच तक्रार नव्याने येते. गुगलचे कोअर अपडेट, म्हणजे शोधनिकालांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, सुरू होते, पंधरा दिवसांत साईटचे क्लिक निम्म्यावर येतात, आणि साईट सांभाळणारी व्यक्ती त्याच रात्री शीर्षके बदलायला, जुने लेख पाडून पुन्हा लिहायला, किंवा ‘कमकुवत’ वाटणारी पाने उडवायला बसते. महिन्याभराने आकडे आणखी खाली जातात, आणि आता ही घसरण अपडेटमुळे झाली, ऋतुमानामुळे झाली की आपणच केलेल्या बदलांमुळे झाली, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरलेला नसतो. म्हणून माझा आग्रह असा की ‘ट्रॅफिक चाळीस टक्के पडले’ हा एकच आकडा घेऊन कधीही कामाला लागू नये, कारण त्या चाळीस टक्क्यांत बहुधा तीन-चार वेगवेगळ्या घसरणी एकत्र मिसळलेल्या असतात आणि त्यांतली एखादीच लेखन सुधारून भरून निघण्यासारखी असते.

ही फोड कशी करायची ते एका नमुन्यावर दाखवतो. मराठी पाककृतींची, साधारण चारशे पानांची एक साईट धरू आणि जून २०२५चे कोअर अपडेट घेऊ. ते ३० जूनला सुरू झाले आणि १७ जुलैला पूर्ण झाले. साईटचे आकडे हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून मी गोल धरले आहेत. अपडेटच्या आणि सणांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत, आणि सगळी गुंतागुंत त्या तारखांतच आहे.

पहिल्या दहा मिनिटांत काय पाहावे

सर्वांत आधी सर्च कन्सोल, म्हणजे शोधात आपली साईट कशी चालते ते दाखवणारे गुगलचे साधन, उघडून Manual actions आणि Security issues ही दोन पाने पाहावीत. तेथे काही नोंद असेल तर प्रश्न कोअर अपडेटचा नाही आणि पुढचे सारे वाचण्याआधी ती नोंद निस्तरावी लागेल. त्यानंतर ॲनालिटिक्समधला आकडा आणि सर्च कन्सोलमधले क्लिक शेजारी ठेवावेत. ॲनालिटिक्समध्ये घसरण आहे पण सर्च कन्सोलचे क्लिक जागच्या जागी आहेत, असे दिसले तर वाचक गेलेले नाहीत, मोजणी बिघडली आहे. थीम बदलताना ट्रॅकिंगचा कोड गळून पडणे किंवा संमतीच्या पट्टीमुळे तो न चालणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. Discover चा, म्हणजे न शोधताच मोबाईलवर सुचवल्या जाणाऱ्या लेखांचा, अहवाल वेगळा असतो आणि तोही वेगळाच पाहावा, कारण डिस्कव्हरचे ट्रॅफिक अपडेटशिवायही एका दिवसात येते-जाते आणि ते सर्चच्या आकड्यात मिसळले की सगळे निदान फसते.

अपडेट नेमके कधी सुरू झाले आणि कधी संपले हे status.search.google.com वर नोंदलेले असते. समाजमाध्यमांवरच्या अंदाजांवर जाऊ नये. आपली घसरण २० जूनलाच सुरू झालेली असेल तर ३० जूनच्या अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही.

तुलनेचा आठवडा निवडणे

गुगलचे स्वतःचे मार्गदर्शन असे आहे की अपडेट पूर्ण झाल्यावर किमान एक आठवडा थांबावे, आणि मग अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी नंतरच्या आठवड्याची तुलना करावी. सल्ला योग्य आहे, पण मराठी पाककृतींच्या साईटला तो जसाच्या तसा लावला तर फसगत होते. जून २०२५च्या अपडेटच्या ऐन मध्यावर, ६ जुलैला, आषाढी एकादशी होती. २४ जुलैला दीप अमावास्या आली आणि २५ जुलैला श्रावण लागला. म्हणजे अपडेटच्या आधीचा आठवडा आषाढाच्या तोंडावरचा, आणि नंतर तुलनेला घ्यायचा आठवडा अर्धा आखाडातला, अर्धा श्रावणातला. चिकन रस्सा आणि सोलकढी शोधणारी माणसे चार दिवसांत साबुदाणा आणि वरीच्या तांदळाकडे वळतात, हे गुगलने केलेले नसते.

म्हणून येथे २१ ते २७ जुलैचा आठवडा सोडून द्यावा आणि पूर्णपणे श्रावणात असलेला २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा आठवडा घ्यावा. सर्च कन्सोलचे आकडे पक्के व्हायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा हे काम ६ ऑगस्टच्या सुमारास करावे. आधीचा आठवडा २३ ते २९ जून. दोन्ही आठवडे सोमवार ते रविवार आहेत, हेही महत्त्वाचे, कारण पाककृतींचा रविवार इतर दिवसांसारखा नसतो.

आता गेल्या वर्षीचा आधार घ्यायचा, पण इंग्रजी तारखेने नव्हे, तिथीने. २०२४ मध्ये आषाढी एकादशी १७ जुलैला होती आणि श्रावण ५ ऑगस्टला लागला होता. म्हणजे दोन वर्षांत अकरा दिवसांचे अंतर आहे. २३ ते २९ जून २०२५ची जोडी ४ ते १० जुलै २०२४ शी लागते, आणि २८ जुलै ते ३ ऑगस्ट २०२५ची ८ ते १४ ऑगस्ट २०२४ शी. या जोडीचा आणखी एक फायदा असा की २०२४चे ऑगस्टमधले कोअर अपडेट १५ ऑगस्टला सुरू झाले, त्यामुळे आपला आधाराचा आठवडा त्याच्या आदल्या दिवशी संपतो आणि स्वच्छ राहतो. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचे आकडे ठेवते, म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये हे सगळे उपलब्ध असते. आणखी चार-पाच महिने आळस केला तर ते हातातून गेलेले असते. दर महिन्याला आकडे उतरवून ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडते.

एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सर्च कन्सोलच्या अहवालातला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे मोजला जातो. उन्हाळ्यात ही वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. म्हणजे रविवारी, ६ जुलैला सकाळी उठून उपवासाची भगर कशी करायची हे ज्यांनी शोधले, त्यांचे दुपारी साडेबारापर्यंतचे सर्व क्लिक शनिवारी, ५ जुलैला नोंदले जातात. एका दिवसाच्या उंचवट्यावरून किंवा कड्यावरून निष्कर्ष काढताना हा सरकलेला दिवस लक्षात ठेवला नाही, तर सण आणि अपडेट यांचा क्रमच उलटा वाटू शकतो.

घसरणीची फोड

आता एकूण आकडा बाजूला ठेवून पानांचे गट पाडावेत. पत्त्यात विभागाचे नाव असेल तर पानांच्या फिल्टरने हे लगेच होते; नसेल तर पानांची यादी शीटमध्ये उतरवून शेजारच्या रकान्यात हाताने गट लिहावा. चारशे पानांना एक दुपार लागते, आणि पुढचे तीन महिने वाचतात.

आपल्या नमुन्यात आठवड्याचे एकूण क्लिक १४,००० वरून ८,४०० झाले. ही चाळीस टक्के घसरण चार गटांत अशी दिसते. मांसाहारी पदार्थ ५,००० वरून २,३०० वर आले. उपवासाचे पदार्थ १,५०० वरून २,१०० वर गेले. रोजच्या भाज्या आणि आमट्या ४,५०० वरून २,००० वर आल्या. आणि ‘एक वाटी रवा म्हणजे किती ग्रॅम’ अशा प्रमाणांच्या पानांचा गट ३,००० वरून २,००० वर आला.

वरवर पाहता सर्वांत मोठा फटका मांसाहारी गटाला बसला आहे आणि उपवासाचा गट तर सुधारला आहे. गेल्या वर्षीची तिथीवार जोडी लावली की चित्र पालटते. समजा, २०२४ मध्ये याच काळात मांसाहारी गट निम्म्यावर आला होता, उपवासाचा गट दुप्पट झाला होता, आणि बाकीचे दोन स्थिर होते. मग या वर्षी मांसाहारी गटाकडून अपेक्षा २,५०० ची होती आणि मिळाले २,३००. म्हणजे २,७०० ची जी घसरण दिसत होती तिच्यातली २,५०० श्रावणाची, आणि उरलेली दोनशे दुर्लक्ष करण्यासारखी. उपवासाच्या गटाकडून मात्र ३,००० अपेक्षित होते आणि २,१०० च मिळाले. जो गट हिरव्या बाणाने वर दाखवला जात होता, त्यात नऊशे क्लिकचा खड्डा लपलेला होता. भाज्या-आमट्यांचा तोटा २,५००, प्रमाणांच्या पानांचा १,०००. खरी तूट एकूण ४,६००, आणि ती ज्या पानांकडे आपण धावत निघालो होतो तेथे जवळजवळ नाहीच.

ज्यांनी हा हिशेब न करता चिकन आणि माशांची पाने पुन्हा लिहायला घेतली असती, त्यांना श्रावण, गणपती आणि नवरात्र संपल्यावर ती पाने आपोआप वर येताना दिसली असती, आणि आपल्या लेखनाने गुण आला असे वाटून त्यांनी तीच पद्धत सगळ्या साईटला लावली असती.

प्रत्येक तुटीचे कारण वेगळे

प्रमाणांच्या पानांपासून सुरुवात करू, कारण तेथे निदान सर्वांत सोपे आहे. त्या गटाचे इम्प्रेशन, म्हणजे निकालांत किती वेळा दिसले तो आकडा, आणि सरासरी पोझिशन, म्हणजे निकालांतली जागा, दोन्ही जागेवर आहेत, फक्त क्लिक एक तृतीयांशाने कमी झाले आहेत. याचा अर्थ गुगलने पान खाली ढकललेले नाही. पान पूर्वीच्याच जागी दिसते आहे, पण शोधणाऱ्याला उत्तर निकालाच्या पानावरच मिळते आहे. हे पडताळायला पाच-सहा क्वेरी, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, मोबाईलवर, खासगी खिडकीत स्वतः टाकून पाहाव्यात आणि आपल्या दुव्याच्या वर आता काय दिसते ते लिहून ठेवावे: तयार उत्तराचा चौकोन, गुगलचा सारांश, व्हिडिओंची रांग. ‘एक वाटी म्हणजे किती ग्रॅम’ या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मावते, आणि ते पान कितीही सुंदर लिहिले तरी ते क्लिक परत येणार नाहीत. ही तूट मान्य करून सोडावी.

भाज्या-आमट्यांचा गट हा या प्रकरणाचा गाभा आहे. त्यातली १२० पाने क्लिकच्या फरकाने लावली तर दोन वेगळ्या जाती दिसतात. चाळीसेक पानांचे इम्प्रेशन एका ठरावीक दिवसापासून थेट शून्यावर गेले आहेत. बाकीच्यांचे इम्प्रेशन टिकून आहेत पण पोझिशन उतरली आहे. कोअर अपडेटचा उतार दिवसांवर पसरलेला असतो आणि पान क्वचितच पूर्ण नाहीसे होते. जेव्हा एखाद्या विभागातली पाने एकदम शून्यावर जातात, तेव्हा आधी तांत्रिक कारण शोधावे. Page indexing अहवालात ‘Excluded by ‘noindex’ tag’ किंवा ‘Blocked by robots.txt’ या ओळींचा आलेख त्याच सुमारास वर चढला आहे का, हे पाहावे. त्यांतले एखादे पान URL Inspection मध्ये टाकून गुगलला ते कसे दिसले ते वाचावे, आणि सर्व्हरकडून खरोखर काय येते तेही स्वतः तपासावे:

```
curl -sI https://example.com/amti/masoor-amti/ | grep -i x-robots-tag
curl -s https://example.com/amti/masoor-amti/ | grep -iE '<meta[^>]*robots'
```

दोन्ही आज्ञा चालवाव्यात, कारण `noindex`, म्हणजे हे पान निकालांत घेऊ नये ही गुगलला दिलेली सूचना, पानाच्या मजकुरातही असू शकतो आणि केवळ हेडरमध्येही असू शकतो, आणि दुसऱ्या प्रकारात ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडून काहीच दिसत नाही. आपल्या नमुन्यात कारण असे निघते की जुलैच्या सुरुवातीला रिकाम्या टॅगपानांची साफसफाई करताना एसईओ प्लगिनमध्ये ‘आमटी’ या प्रवर्गातल्या लेखांनाही `noindex` लागला. आठवड्याच्या हिशेबाने हे हजारएक क्लिक. तारीख अपडेटच्या काळात पडल्यामुळे दोष अपडेटला गेला. `noindex` ची खूण काढली, साईटमॅप पुन्हा पाठवला, आणि महत्त्वाच्या आठ-दहा पानांसाठी Request indexing दाबले की ही पाने पुढच्या भेटींत परत येऊ लागतात. एकही वाक्य पुन्हा लिहावे लागत नाही.

आता उरले पोझिशन उतरल्यामुळे गेलेले दीड हजार क्लिक आणि उपवासाचे नऊशे. कोअर अपडेटचा खरा परिणाम म्हणता येईल तो एवढाच.

येथे सरासरी पोझिशनवर भरवसा ठेवू नये. एखादे पान पूर्वी शंभर किरकोळ क्वेरींना चाळिसाव्या जागी दिसत असेल आणि अपडेटनंतर त्या क्वेरींना ते दिसेनासे झाले, तर मुख्य क्वेरीवर ते तिसऱ्यावरून सहाव्यावर घसरले तरीही सरासरी सुधारलेली दिसते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने एका पानावर शंभर निकाल दाखवणारा `num=100` हा पर्याय बंद केला, तेव्हा असंख्य साईटींचे इम्प्रेशन एकाएकी उतरले आणि सरासरी पोझिशन सुधारली. क्लिक मात्र होते तसेच राहिले, कारण त्या इम्प्रेशनमागे वाचक नव्हते, क्रमवारी तपासणारी साधने होती. म्हणून नेहमी एक पान, एक क्वेरी, देश भारत आणि उपकरण मोबाईल असे फिल्टर लावून पाहावे.

मराठीत आणखी एक फिल्टर हवाच. आपला वाचक ‘भरली वांगी’ देवनागरीत शोधतो तसेच ‘bharli vangi recipe in marathi’ असेही शोधतो, आणि गुगलच्या दृष्टीने या दोन वेगळ्या क्वेरी आहेत ज्यांचे निकालही वेगळे असतात. क्वेरीच्या फिल्टरमध्ये Custom (regex) निवडून आधी केवळ देवनागरी आणि मग केवळ रोमन रूपे पाहावीत:

```
भरली वांगी|भरलेली वांगी
bharli (vangi|vange|wangi)
```

समजा, भरल्या वांग्यांचे पान देवनागरीत तिसऱ्या जागेवरच आहे, पण रोमन क्वेरीवर चौथ्यावरून सतराव्यावर गेले आहे, आणि तेथे वर आता व्हिडिओ आणि इंग्रजी पाककृती आहेत. पानाचा मराठी मजकूर वाईट असता तर तो दोन्हीकडे घसरला असता. येथे गुगलने रोमन क्वेरीमागच्या माणसाला काय हवे आहे याचा अंदाज बदलला आहे. ते मराठी पान आणखी तीनशे शब्दांनी वाढवून हा अंदाज फिरणार नाही. काही करायचेच असेल तर त्या पाककृतीचा व्हिडिओ करणे हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी: अगदी मोजक्या लोकांनी केलेल्या क्वेरी सर्च कन्सोल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, आणि मराठीत एका पदार्थाची दहा स्पेलिंगे असल्यामुळे हा न दिसणारा वाटा मोठा असू शकतो. क्वेरींची बेरीज पानाच्या एकूण क्लिकशी जुळली नाही तर घाबरू नये, टक्केवारी पाहावी.

आता कुठे लेखणी उचलायची

गुगल स्वतः लहान आणि मोठ्या घसरणीत फरक करते. दुसऱ्यावरून चौथ्यावर गेलेल्या पानात मोठे फेरफार करू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे, कारण चांगले चाललेले पान हाताळून बिघडण्याचा संभव जास्त. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलेले पान मात्र मुळापासून तपासावे. ही चाळणी लावली की आपल्या नमुन्यात भाज्या-आमट्या आणि उपवास मिळून खरोखर खोल गेलेली पंधरा-वीस पानेच उरतात.

ती एका बैठकीत शेजारी शेजारी उघडून पाहावीत आणि त्यांत समान काय आहे ते शोधावे. उपवासाच्या पानांत बहुधा हे सापडते: साबुदाणा खिचडी, साबुदाणा वडा, वरीचा भात, राजगिऱ्याची पुरी, प्रत्येकाच्या सुरुवातीला उपवासाचे महत्त्व सांगणारे तेच चार परिच्छेद, आणि साबुदाणा किती पाण्यात, किती वेळ भिजवायचा ही एकमेव महत्त्वाची गोष्ट सहाव्या पडद्यावर. आपल्याला मागे टाकून वर गेलेल्या इतर साईटींच्या पानांत ती पहिल्याच पडद्यावर असते, भिजलेला दाणा बोटांत दाबून कसा दिसला पाहिजे याच्या छायाचित्रासह. बदल करायचा तो हा: उसनी प्रस्तावना काढणे, स्वतः करून पाहिलेले प्रमाण आणि वेळ वर आणणे, आणि खिचडी गोळा होते तेव्हा नेमके काय चुकलेले असते ते लिहिणे. पानावरची तारीख नुसती ताजी करणे हा बदल नव्हे, आणि पाने सरसकट उडवणे हा तर शेवटचा उपाय आहे. मजकूर सावरण्यासारखा नसेल तरच तो करावा.

निम्मी पाने आधी बदलावीत आणि निम्मी तशीच ठेवावीत. कोणत्या दिवशी कोणत्या पानात काय बदलले हे शीटमध्ये लिहावे. काही बदलांचा परिणाम काही दिवसांत दिसतो, काहींना कित्येक महिने लागतात, आणि कधी कधी पुढचे कोअर अपडेट येईपर्यंत वाट पाहावी लागते. तेव्हाही पूर्वीची जागा परत मिळेल अशी हमी नसते. दोन्ही गट सारखेच वर आले तर आपल्या बदलाला श्रेय देता येत नाही, आणि हे कळण्यासाठीच अर्धी पाने राखून ठेवायची.

पुढच्या तुलनेसाठी दोन तारखा टिपून ठेवाव्यात. डिसेंबर २०२५चे अपडेट ११ ते २९ डिसेंबरला चालले, म्हणजे ते मार्गशीर्षात सुरू होऊन पौषात संपले. त्याला २०२४चा आधार घेताना अडचण अशी येते की १२ ते १८ डिसेंबर २०२४ लाही एक कोअर अपडेट चालू होते, त्यामुळे तो आठवडा आधार म्हणून निकामी आहे आणि त्याच्या आधीचा घ्यावा लागतो. आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास आल्याने श्रावण १३ ऑगस्टला लागतो, म्हणजे २०२५ च्या तुलनेत एकोणीस दिवस उशिरा. अकरा दिवस मागे सरकण्याचा हिशेब येथे उलटा होतो, आणि २०२६च्या जुलै अखेरीस केवळ तारखेने तुलना केली तर मांसाहारी पाने उगाचच वधारलेली आणि उपवासाची पाने उगाचच पडलेली दिसतील.